पडताळणीत तारीख जुळली नाही, तर उमेदवाराला विचारायचं कसं?

प्रश्न: ऑफर दिलेल्या एका उमेदवाराने फॉर्ममध्ये आधीच्या कंपनीतला शेवटचा दिवस ३० ऑगस्ट २०२२ लिहिलाय. पडताळणीच्या अहवालात मात्र २ जून २०२२ आलंय. तिथे रुजू झाल्याची तारीख (३ जून २०१९) आणि त्यानंतरची नोकरी (१२ सप्टेंबर २०२२ पासून) जुळतेय. ‘तुम्ही खोटं लिहिलंत का’ असा सूर न लागता हे मेलवर कसं विचारू? मसुदा मिळाला तर बरं होईल.

उत्तर:

मसुदा खाली देतो, पण तो पाठवण्याआधी अर्धा तास कागदांना द्या. बऱ्याचदा चूक आपल्याच टेबलावर सापडते, आणि तसं झालं तर उमेदवाराला विचारायची गरजच उरत नाही.

पडताळणी करणाऱ्या एजन्सीच्या अहवालात एक तक्ता असतो: उमेदवाराने दिलेली माहिती, पडताळलेली माहिती, शेरा. आपण सगळे तो तक्ता वाचून थांबतो. त्याच्या मागे जोडलेलं, आधीच्या कंपनीकडून आलेलं मूळ उत्तर उघडा. तो मेल असेल, भरून पाठवलेला फॉर्म असेल किंवा फोनवर झालेल्या बोलण्याची नोंद असेल. तक्त्यातली तारीख आणि मूळ उत्तरातली तारीख एकच आहे का ते आधी बघा. टाइप करताना ओळ चुकणं किंवा त्याच नावाच्या दुसऱ्या कर्मचाऱ्याची नोंद उचलली जाणं, दोन्ही घडतं. म्हणून कर्मचारी क्रमांकही ताडून पाहा.

मग कंपनीला नेमका प्रश्न काय विचारला होता ते पाहा. हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. ‘नोकरी सोडल्याची तारीख’ एवढंच विचारलं, तर उत्तर देणारा माणूस त्याच्या सॉफ्टवेअरमधल्या ज्या रकान्याचं नाव त्या प्रश्नाशी मिळतंजुळतं आहे, तिथली तारीख उचलून देतो. त्या सॉफ्टवेअरमध्ये राजीनामा दिल्याची तारीख असते, कामाचा शेवटचा दिवस असतो, हिशेब पूर्ण झाल्याची तारीख असते आणि रिलीव्हिंग लेटर काढल्याची तारीखही असते. चारही तारखा खऱ्या असतात आणि चारही वेगळ्या असू शकतात. तुमच्या अहवालात आलेली तारीख यातली कोणती, हे अहवालावरून कळत नसेल तर ते तुमच्या वहीत लिहून ठेवा. पुढे लागणार आहे.

दिवस आणि महिना उलटे वाचले गेले का, हीही एक नेहमीची शंका. ती पटकन तपासता येते. दिवस आणि महिना दोन्ही आकडे १२ किंवा त्याहून कमी असतील तरच अशी गफलत होऊ शकते. तुमच्या अहवालातली ०२/०६ ही तारीख उलटी वाचली तर ६ फेब्रुवारी होते, म्हणजे फॉर्मपासून आणखी लांब जाते. उमेदवाराने लिहिलेली ३०/०८ तर उलटी वाचताच येत नाही. तेव्हा हे कारण इथे लागू नाही, ते बाजूला ठेवा.

आता फरक मोजा, आणि तो कशावर परिणाम करतो ते पाहा. २ जून ते ३० ऑगस्ट हा ८९ दिवसांचा फरक आहे. दोन्ही दिवस धरले तर बरोबर ९०. उमेदवाराची तारीख खरी असेल तर दोन नोकऱ्यांमध्ये ३१ ऑगस्ट ते ११ सप्टेंबर असे फक्त १२ दिवस रिकामे राहतात. अहवालातली तारीख खरी असेल तर ३ जून ते ११ सप्टेंबर असे १०१ दिवस. म्हणजे इथे खरा प्रश्न तीन महिन्यांचा खंड होता की नव्हता, हा आहे. पदासाठी किमान तीन वर्षांचा अनुभव लागत असेल, तर तोही हिशेब करा: ३ जून २०१९ ते २ जून २०२२ ही पूर्ण तीन वर्षं होतात, त्यामुळे पात्रता दोन्हीकडून टिकते. हे आधी समजलेलं असलं की मेलचा सूर आपोआप खाली येतो. फरकामुळे उमेदवाराची पात्रताच जात असेल तर प्रकरण वेगळ्या वजनाचं असतं.

हे आकडे पाहून तुमच्या मनात दोन अंदाज येतील. ९० दिवस म्हणजे अनेक कंपन्यांचा नोटीस पीरियड. तेव्हा २ जूनला राजीनामा दिला असेल आणि कंपनीने राजीनाम्याचीच तारीख कळवली असेल. दुसरा अंदाजही तितकाच चपखल बसतो: बरोबर तीन वर्षांचा करार २ जूनला संपला आणि पुढचे तीन महिने तोच माणूस त्याच ऑफिसात, पण एखाद्या मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीच्या पगारपत्रकावर राहिला. तिसरी शक्यता उरतेच, की नोकरी खरोखर २ जूनला संपली होती.

या तिन्हींपैकी एकही अंदाज मेलमध्ये लिहू नका. सज्जनपणे विचारायचं म्हणून बरेच जण लिहितात, ‘बहुधा ही राजीनाम्याची तारीख असावी, तसंच आहे ना?’ वाक्य फार सौम्य आहे, पण त्याने प्रश्न वाया जातो. उमेदवार ‘हो’ म्हणेल. खरं असलं तरी म्हणेल, नसलं तरी म्हणेल, आणि करारवाला प्रामाणिक माणूस गोंधळून ‘हो, तसंच काहीतरी’ असं लिहून बसेल. मग त्याचे कागद वेगळं सांगायला लागले की तो खोटा ठरतो, आणि ती वेळ त्याच्यावर आपण आणलेली असते. सौम्यपणा शब्दांत ठेवा. उत्तर मात्र त्याचं त्याला देऊ द्या.

मेल आधी की फोन आधी? मी म्हणेन, आधी दोन मिनिटांचा फोन, पण तो फक्त मेल येतोय हे सांगण्यासाठी. ‘आत्ता बोलायला मोकळे आहात का? पडताळणीत एका तारखेबद्दल तुमच्याकडून माहिती हवी आहे, सविस्तर मेल पाठवतोय, कागद बघून सावकाश उत्तर द्या.’ एवढंच. फोनवर तारीख विचारू नका. इतक्या वर्षांपूर्वीची तारीख कुणालाही तोंडपाठ नसते. माणूस घाबरून काहीतरी बोलून जातो आणि नंतर लेखी उत्तरात वेगळं लिहितो, मग तुमच्याकडे दोनाऐवजी तीन तारखा होतात. शिवाय तो त्या क्षणी सध्याच्या ऑफिसात शेजाऱ्यांच्या मध्ये बसलेला असू शकतो. मेल त्याच्या खासगी पत्त्यावरच जाईल याची खात्री करा. सध्याच्या नोकरीच्या मेलवर असा मजकूर गेला तर त्याचं तिथे नुकसान होईल, आणि ते तुम्हाला भरून देता येणार नाही.

मसुदा असा:

विषय: आधीच्या नोकरीच्या तारखेबाबत माहिती हवी आहे

नमस्कार ______,

तुमच्या नियुक्तीआधीची पडताळणी सुरू आहे. त्यात एका ठिकाणी तुम्ही दिलेली तारीख आणि आम्हाला मिळालेली तारीख जुळत नाही. त्याबद्दल तुमच्याकडून समजून घ्यायचं आहे.

कंपनी: ______
तुम्ही फॉर्ममध्ये दिलेला शेवटचा दिवस: ३० ऑगस्ट २०२२
कंपनीकडून आलेल्या उत्तरातली तारीख: २ जून २०२२
रुजू झाल्याची तारीख आणि त्यानंतरची नोकरी दोन्हीकडे सारखी आहे.

२ जून ते ३० ऑगस्ट २०२२ या काळात तुमची नोकरी कोणत्या स्वरूपात होती, ते कृपया चार-पाच ओळींत लिहून कळवा. सोबत यापैकी जे कागद तुमच्याकडे असतील ते जोडा: रिलीव्हिंग लेटर, जून ते ऑगस्ट २०२२ च्या पे-स्लिप, नोकरी संपण्यासंबंधी कंपनीशी झालेला पत्रव्यवहार. पे-स्लिपवरच्या रकमा झाकल्यात तरी चालेल. कंपनीचं नाव, तुमचं नाव, महिना आणि पगाराचे दिवस दिसू द्या. यातलं काही उपलब्ध नसेल तर तसं लिहा, आपण दुसरा मार्ग पाहू.

फॉर्म भरताना तारीख चुकून वेगळी गेली असेल, तर योग्य तारीख या मेलच्या उत्तरातच कळवा.

______ (वार व तारीख) संध्याकाळी ६ पर्यंत उत्तर मिळालं तर बरं होईल. कागद मिळवायला जास्त वेळ लागणार असेल तर किती, तेवढं सांगा.

या मुद्द्यावर अजून कोणताही निर्णय झालेला नाही आणि तुमचं उत्तर पाहिल्याशिवाय होणार नाही. तुमचं उत्तर मी, पडताळणीचं काम पाहणारे सहकारी आणि निर्णयाचा अधिकार असलेली व्यक्ती एवढ्यांपुरतंच राहील. गरज पडल्यास आम्ही त्या कंपनीकडून पुन्हा खात्री करून घेऊ, आणि जे ठरेल ते तुम्हाला लेखी कळवू.

काही विचारायचं असल्यास मला ______ या क्रमांकावर फोन करा.

______

आता यातल्या काही शब्दांबद्दल, कारण पाठवताना तुम्ही ते बदलाल आणि नेमके तेच बदलू नयेत.

विषयात ‘तफावत’, ‘डिस्क्रिपन्सी’, ‘तातडीचे’ असं काही नाही. फोनच्या स्क्रीनवर माणसाला आधी विषयच दिसतो आणि पुढचा मेल तो त्याच डोळ्यांनी वाचतो. मजकुरात ‘तुमची तारीख चुकीची आढळली’ असं न लिहिता दोन तारखा शेजारी ठेवल्या आहेत, कारण कोणती चुकीची हे तुम्हालाही अजून माहीत नाही. जे जुळलं तेही एका ओळीत सांगितलं आहे. त्या एका ओळीने उमेदवाराला कळतं की सगळा फॉर्म संशयाखाली नाही, मुद्दा एवढाच आहे.

‘नोकरी कोणत्या स्वरूपात होती’ हा प्रश्न मुद्दाम मोकळा ठेवला आहे. नोटीस पीरियड, करार, बिनपगारी रजा, घरी बसवून पगार देणं, काहीही असलं तरी त्यात बसतं. कागदांच्या यादीत ‘राजीनामा स्वीकारल्याचा मेल’ असं न लिहिता ‘नोकरी संपण्यासंबंधी पत्रव्यवहार’ लिहिलं आहे तेही याचसाठी. राजीनाम्याचा मेल मागितला, की आपला पहिला अंदाज मागच्या दाराने आत येतो.

‘काळजी करू नका, ही फक्त औपचारिकता आहे’ हे वाक्य लिहायचा मोह फार होतो. लिहू नका. उत्तर समाधानकारक आलं नाही तर ऑफरवर परिणाम होऊ शकतो, हे तुम्हाला माहीत आहे, आणि कदाचित हा माणूस सध्याच्या ठिकाणी राजीनामा देऊन नोटीसवर असेल. त्याला खोटा धीर देणं धमकावण्याइतकंच वाईट आहे. ‘अजून निर्णय झालेला नाही आणि तुमचं उत्तर पाहिल्याशिवाय होणार नाही’ हे खरंही आहे आणि त्याला आधारही देतं. मात्र हे लिहिलंत की पाळावं लागतं: उत्तर यायच्या आत हायरिंग मॅनेजरला ‘या उमेदवाराचं काहीतरी निघालंय’ असं सांगू नका आणि त्याला मेलच्या सीसीमध्ये घेऊ नका. अर्धवट ऐकलेली गोष्ट नंतर साफ झाली तरी माणसाच्या मनात राहते, आणि ज्याच्या हाताखाली उमेदवार काम करणार आहे त्याच्याच मनात ती राहावी, हा त्याच्यावर अन्याय आहे.

मुदत कामाचे तीन दिवस द्या. एक दिवस दिला तर जुन्या कंपनीकडून कागद मागवायला वेळच मिळत नाही. दहा दिवस दिले तर मेल खाली जातो आणि रुजू व्हायची तारीख जवळ येते. ‘लवकरात लवकर’ असं तर कधीच लिहू नका, त्याचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा. दोन दिवसांत काहीच आलं नाही तर एक छोटी आठवण पाठवा, त्याच मेलच्या उत्तरात, जास्तीचा एकही शब्द न घालता.

उत्तर आलं की कागद कसे वाचायचे, ते सांगतो. सगळ्यात बोलका कागद पे-स्लिप असतो. त्यावर दोन गोष्टी पाहा: वर कुठल्या कंपनीचं नाव आहे, आणि पगाराचे दिवस किती आहेत.

ऑगस्टच्या पे-स्लिपवर त्याच कंपनीचं नाव आणि पगाराचे दिवस ३० असतील (महिना ३१ दिवसांचा), तर नोकरी ३० ऑगस्टपर्यंत चालू होती हे जवळपास स्पष्ट आहे, आणि २ जून ही राजीनाम्याची तारीख असण्याची शक्यता खूप वाढते. जूनच्या पे-स्लिपवर पगाराचे दिवस २ आणि जुलै-ऑगस्टच्या पे-स्लिपवर दुसऱ्याच कंपनीचं नाव असेल, तर तो कराराचा मामला. या दुसऱ्या बाबतीत उमेदवाराची चूक अशी की त्याने दोन मालकांकडची नोकरी एकाच ओळीत लिहिली. माणूस रोज त्याच खुर्चीत बसत होता, त्याच्या लेखी नोकरी एकच होती. फॉर्म दुरुस्त करून घ्या, तीन महिन्यांची वेगळी ओळ घाला आणि तेवढ्या काळाची पडताळणी त्या एजन्सीकडून करा.

जूनमध्ये २ दिवस आणि त्यानंतर एकही पे-स्लिप नाही, असं असेल तर मात्र थांबून विचार करायला हवा. लगेच निष्कर्ष काढू नका, कारण काही कंपन्या नोटीस काळातला पगार रोखून ठेवतात आणि शेवटच्या हिशेबात एकदम देतात. अशा वेळी जुलै-ऑगस्टची स्लिप निघतच नाही, पण फुल अँड फायनलच्या पत्रकात ते दिवस दिसतात. ते पत्रक मागा. तिथेही नसतील तर नोकरी जूनमध्येच संपली होती, असं मानायला जागा आहे.

बिनपगारी रजेत याच्या उलट दिसतं: स्लिप निघते, पगाराचे दिवस शून्य असतात, तरी माणूस पटावर असतो. नोटीस काळात घरी बसवून पूर्ण पगार देतात तेव्हाही नोकरी चालूच असते. या दोन्हींत उमेदवाराने दिलेली तारीख बरोबर धरावी. प्रश्न ऑफिसात कोण येत होतं याचा नाही, पटावर कोण होतं याचा आहे.

रिलीव्हिंग लेटर वाचताना वर उजवीकडे छापलेली तारीख पाहून थांबू नका, ती पत्र काढल्याची असते. हिशेब मिटल्यावर पत्र निघतं, त्यामुळे ती शेवटच्या दिवसानंतर काही आठवड्यांची असू शकते. खरी तारीख मजकुरात असते, ‘अमुक तारखेस कामकाज संपल्यावर आपणास कार्यमुक्त करण्यात येत आहे’ अशा वाक्यात. उमेदवारही पुष्कळदा वरची तारीख फॉर्ममध्ये उतरवतात आणि तफावत तिथूनच सुरू होते.

उमेदवाराने पाठवलेले कागद कितीही नीट असले तरी तेवढ्यावर प्रकरण बंद करू नका. तो कागद तुम्हाला काय विचारायचं ते सांगतो. उत्तर आधीच्या कंपनीकडूनच यायला हवं. म्हणून पडताळणी करणाऱ्या एजन्सीला पुन्हा पाठवताना ‘कृपया पुन्हा पडताळा’ एवढंच लिहू नका, नाहीतर तीच तारीख परत येईल. तीन वेगळे प्रश्न लिहून द्या: राजीनाम्याची तारीख कोणती, पटावरचा शेवटचा दिवस कोणता, आणि कळवलेली २ जून २०२२ ही तारीख या दोन्हींपैकी कोणती. तिसरा प्रश्न विसरू नका. तो नसेल तर कंपनी नवी तारीख देईल, जुनी का दिली ते सांगणार नाही, आणि तुमच्या फाइलमध्ये एकाच कंपनीची एकमेकांशी न जुळणारी दोन उत्तरं पडून राहतील. उमेदवाराचे कागद तिकडे पाठवायचे असतील तर त्याची परवानगी घ्या, आणि अख्खी पे-स्लिप न पाठवता रिलीव्हिंग लेटर पाठवा, तेवढं पुरतं.

आधीची कंपनी बंद झालेली असेल किंवा दुसऱ्या कंपनीत विलीन झाली असेल तर थेट दुजोरा मिळत नाही. मग उमेदवाराच्या कागदांना दुसरा आधार लागतो: त्या तीन महिन्यांतल्या पगार जमा झाल्याच्या बँकेतल्या नोंदी, ज्यात पैसे पाठवणाऱ्याचं नाव दिसतं. इतर व्यवहार झाकून द्यायला सांगा. आणि फाइलमध्ये स्पष्ट लिहा की हा दुजोरा कागदांवरून घेतला आहे, कंपनीकडून नाही.

खंड खरोखर होता असं निघालं, तर दुसरा मेल जाईल, आणि तो पहिल्यापेक्षाही लहान असावा: ‘कागदांवरून नोकरी २ जून २०२२ रोजी संपल्याचं दिसतं. फॉर्ममध्ये ३० ऑगस्ट कसं आलं, ते कळवाल का?’ इतकंच. त्या तीन महिन्यांत घरी काय होतं, आजारपण होतं का, बाळंतपण होतं का, हे विचारू नका. तुम्हाला तारीख वेगळी का लिहिली हे हवं आहे, तो काळ कसा गेला हे नको. उमेदवाराने आपण होऊन दवाखान्याचे कागद पाठवले तर ते जपून ठेवू नका आणि पुढेही पाठवू नका. ‘वैयक्तिक कारण, उमेदवाराने सांगितले’ एवढी नोंद पुरते. रिकाम्या तीन महिन्यांमुळे सहसा कुणाची नोकरी जात नाही. ते झाकण्यासाठी बदललेली तारीख हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्यावरचा निर्णय तुम्ही एकट्याने घेऊ नये. ज्याने उमेदवार शोधला, मुलाखती जुळवल्या, ऑफर मान्य करून घेतली, त्याला या टप्प्यावर तटस्थ राहणं कठीण जातं. दोन्ही तारखा, उमेदवाराचं उत्तर त्याच्याच शब्दांत आणि कागद असे तुमच्याकडच्या धोरणाप्रमाणे ज्याच्याकडे अधिकार आहे त्याच्याकडे द्या. उत्तराचा सारांश तुम्ही करू नका. ‘उमेदवाराने चूक मान्य केली’ आणि ‘उमेदवाराने तारीख दुरुस्त करून कळवली’ ही दोन वाक्यं एकाच मेलवरून लिहिता येतात, आणि वाचणाऱ्याचं मत ठरतं ते त्यातलं कोणतं लिहिलंय त्यावर.

अहवाल दुरुस्त होऊन आला, की मूळ अहवाल काढून टाकू नका. दोन्ही ठेवा आणि मधला मेलही. आणि उमेदवाराला कळवा. हे सगळ्यात जास्त राहून जातं. आपल्यासाठी प्रकरण ज्या दिवशी मिटतं त्या दिवशी उमेदवाराला काहीच समजत नाही. तो फोनकडे बघत बसलेला असतो. चार ओळी पुरतात:

नमस्कार ______,
तुम्ही पाठवलेल्या माहितीनुसार ______ कंपनीकडून पुन्हा खात्री केली. पटावरचा शेवटचा दिवस ३० ऑगस्ट २०२२ असल्याचं त्यांनी कळवलं आहे. आधी आलेली २ जून ही राजीनाम्याची तारीख होती. अहवालात तशी दुरुस्ती झाली आहे आणि हा मुद्दा बंद केला आहे. वेळेत कागद पाठवल्याबद्दल आभार. रुजू होण्याची तारीख ठरल्याप्रमाणेच आहे.
______